सतरा तुकड्यांचं भाषण

अण्णांचा भोसरीला कारखाना आहे. गाड्यांसाठी लागणारे छोटे धातूचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यांच्या आत बसतो त्या आखूड नळ्या, तिथे बनतात आणि त्यातले बहुतेक एका जपानी कंपनीला जातात. ही कंपनी दरवर्षी आपल्या पुरवठादारांना नागोयाजवळ बोलावते. त्या वर्षी भारतातल्या एका पुरवठादाराने पंधरा मिनिटं बोलावं असं ठरलं आणि नाव अण्णांचं निघालं. पत्रात एक ओळ होती, तिच्याकडे ऑफिसात कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही: पंधरा मिनिटांत जपानी अनुवादाचा वेळ धरलेला आहे.

इंग्रजीत बोलायला अण्णा तयार नव्हते. ‘इंग्रजीत मी विकत घेऊ शकतो, माफी मागू शकत नाही,’ असं ते म्हणाले. माफीचं काय ते पुढे येईल. त्यामुळे पुण्यातल्या एका ताईंना सोबत न्यायचं ठरलं. त्या मराठीतून थेट जपानीत बोलतात आणि त्यांचं निम्मं आयुष्य चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत दुभाषी म्हणून गेलंय. भाषण लिहायचं काम माझ्याकडे आलं. अण्णांची गावाकडची, संघटनेतली, कामगारदिनाची भाषणं मीच लिहितो, म्हणून यात वेगळं काही करायचं आहे हे मला सुचलंच नाही. मी चौदाशे शब्दांचं, चांगलं फुललेलं भाषण लिहिलं.

पहिली तालीम कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये झाली. अण्णा उभे, शेजारी वही घेऊन ताई, समोर मी आणि मोबाइलवरचं घड्याळ. अण्णा एकटे वाचतात तेव्हा त्या मजकुराला तेरा मिनिटं लागत. ताईंसोबत अठ्ठाविसाव्या मिनिटाला आम्ही थांबवलं, तेव्हा चार पानं शिल्लक होती. तेराच्या दुप्पट सव्वीस. मग वरचा वेळ कुठे गेला?

थोडा जपानीने खाल्ला. समोर वरिष्ठ मंडळी बसली की जपानीतली आदराची क्रियापदं लांबत जातात, त्यामुळे अण्णांच्या वीस सेकंदांना ताईंना बावीस-तेवीस सेकंद लागत होते. उरलेला वेळ दोघांच्या मधल्या फटींत गेला. अण्णा संपले, ताईंनी श्वास घेतला, वहीत नजर टाकली, सुरुवात केली. ताई संपल्या, अण्णांनी कागदावर जागा शोधली, सुरुवात केली. अण्णांनी थोडं बोलून थांबायचं आणि ताईंनी तेवढंच जपानीत सांगायचं, हा एक तुकडा. एका तुकड्यामागे दोन्हीकडचे मिळून पाच सेकंद सहज जातात. तीस तुकडे असतील तर अडीच मिनिटं नुसत्या शांततेची.

म्हणून नवा हिशोब उलट्या बाजूने मांडला. पंधरा मिनिटांतलं एक मिनिट टाळ्या, नमस्कार आणि व्यासपीठावर चढण्याचं. उरली चौदा. सतरा तुकडे धरले तर फटींचं जवळजवळ दीड मिनिट. उरलेल्या साडेबारांतली पावणेसात ताईंची, पावणेसहा अण्णांची. अण्णा मिनिटाला एकशेदहाच्या आसपास शब्द बोलतात, मी मोजलंय. म्हणजे सहाशे शब्द, आणि एक तुकडा पस्तीस शब्दांचा. माझ्या चौदाशेंतले आठशे शब्द गेले. अण्णा म्हणाले, मी भरभर बोलतो ना. ताई हसल्या. वक्ता भरभर बोलला तर दुभाषीचं पेन मागे पडतं, तिच्या टिपणात भोकं पडतात आणि ती आठवायला जास्त वेळ घेते. वेग वाढवून तिथे एक सेकंदही वाचत नाही.

शब्द कापणं सोपं होतं. अवघड होतं ते तुकडे पाडणं, कारण माझी वाक्यं तुकडे पाडायला तयारच नव्हती. पहिल्या मसुद्यातलं हे एक वाक्य बघा, मला ते फार आवडलं होतं:

‘१९९४ साली भोसरीत भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दोन जुने लेथ, तीन कामगार आणि वडिलांनी गावाकडची दोन एकर विकून दिलेले पावणेदोन लाख रुपये एवढ्या भांडवलावर सुरू झालेला हा प्रवास आज एकशे चाळीस कामगारांपर्यंत आणि महिन्याला साडेतीन लाख बुशपर्यंत येऊन पोचेल असं त्या दिवशी कोणी म्हटलं असतं, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.’

हे वाक्य सभेत छान चढतं. ताईंनी मात्र तालमीत त्या जागी वही माझ्यापुढे सरकवली. पानावर वरून खाली सात आकडे होते आणि एकही क्रियापद नव्हतं. मराठीत वाक्याचा जीव शेवटी असतो. ‘ठेवला’ की ‘ठेवला नसता’ हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही, आणि जपानीतही क्रियापद नि नकार शेवटीच येतात. या जोडीत वाक्यरचना बरीचशी सारखी असल्याचा फायदा आहे, पण तो वाक्य आखूड असेल तरच मिळतो. एवढं लांब वाक्य असलं की ताईंना सगळं धरून शेवटाची वाट बघावी लागते. आणि मध्येच अण्णांना दम लागून ते ‘येऊन पोचेल’पाशी थांबले, तर अनुवाद भलताच होईल. तालमीत एकदा तसं झालंही. ‘आम्ही किंमत वाढवणार, अशी चर्चा खरी नाही’ या वाक्यात अण्णा ‘वाढवणार’वर थांबले आणि ताईंनी पेन खाली ठेवून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

त्या एका वाक्याचे तीन तुकडे झाले.

‘१९९४ साली मी भोसरीत कारखाना सुरू केला. पत्र्याची शेड भाड्याची होती. आत दोन जुने लेथ होते.’

‘भांडवल माझ्या वडिलांनी दिलं. त्यासाठी वडिलांनी गावाकडची दोन एकर जमीन विकली. जमीन विकली त्या दिवशी वडील जेवले नाहीत.’

‘आज कारखान्यात एकशे चाळीस माणसं आहेत. महिन्याला साडेतीन लाख बुश तयार होतात. त्यातले बहुतेक तुमच्या गाड्यांत बसतात.’

मूळ वाक्यातला ‘विश्वास ठेवला नसता’ गेला, तीन कामगार गेले, पावणेदोन लाखही गेले. त्यांच्या जागी वडील न जेवल्याचं आलं. ते अण्णांनी मला गप्पांत सांगितलं होतं आणि मी ते लांब वाक्यात कोंबू शकलो नव्हतो. तुकड्याचं शेवटचं वाक्य सर्वांत जड असावं लागतं, कारण त्यानंतर शांतता येते आणि मग तेच वाक्य ताईंच्या तोंडून पुन्हा, त्याच जागी येतं. मधोमध ठेवलेलं चांगलं वाक्य दोन्ही भाषांत वाया जातं.

दुसऱ्या तुकड्यात ‘वडील’ हा शब्द तीनदा आलाय. एरवी मी पुढच्या दोन ठिकाणी ‘त्यांनी’ आणि ‘ते’ लिहिलं असतं. पण तुकडा संपला की श्रोत्यांच्या आणि अण्णांच्याही डोक्यात वीस-पंचवीस सेकंद दुसऱ्या भाषेचा पूर येतो. नंतर ‘ते म्हणाले’ असं सुरू केलं तर ते म्हणजे कोण, हे कोणालाच आठवत नाही. म्हणून नियम केला की तुकड्याचं पहिलं वाक्य नावाने किंवा नामाने सुरू करायचं आणि ‘म्हणूनच’, ‘त्यामुळे’, ‘तिथेच’ हे शब्द तुकड्याच्या तोंडाशी येऊ द्यायचे नाहीत. एकाच शब्दाने सुरू होणारी चार वाक्यं एकामागून एक रचून आवाज चढवत न्यायची माझी लाडकी युक्ती तर पहिल्याच दिवशी गेली. प्रत्येक पायरीवर कोणी पाव मिनिट थांबवलं तर जिना चढल्यासारखं वाटतच नाही.

आकड्यांचा वेगळाच घोळ होता. आपण हजारानंतर लाखाला जातो. जपानी माणूस दहा हजारांच्या गठ्ठ्यात मोजतो, त्या गठ्ठ्याला ‘मान’ म्हणतात. आपला एक लाख म्हणजे दहा मान, एक कोटी म्हणजे हजार मान, आणि दहा कोटी झाले की त्यांचा ‘ओकु’ सुरू होतो. त्यात मराठीत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडे आहेत. ‘पावणेदोन कोटी’ ऐकल्यावर ताईंना आधी एक कोटी पंच्याहत्तर लाख करायचे, मग त्याचे सतराशे पन्नास मान करायचे, आणि हे करताना अण्णांचं पुढचं वाक्यही ऐकायचं. म्हणून एका तुकड्यात मोठा आकडा एकच ठेवला, तोही ज्याच्या पुढे सोपं वाक्य येईल असा. ताईंच्या प्रतीत समासात तो मानमध्ये लिहून ठेवला: साडेतीन लाख, ३५ मान. स्वल्पविरामसुद्धा वेगळे असतात. आपण ३,५०,००० लिहितो, त्यांच्या कागदावर ते ३५०,००० असतं. घाईत डोळा तिथे चुकू शकतो, म्हणून ताईंच्या प्रतीत दोन्ही लिहिलं.

‘आपण’ या शब्दाने मला सर्वांत जास्त छळलं. अण्णांच्या भाषणात ‘आपली गुणवत्ता’, ‘आपल्या चुका’, ‘आपण ठरवलं’ असं सगळीकडे होतं. मराठी कानाला संदर्भातून कळतं की यात समोरचे धरलेत की नाहीत, की ‘आपण’ म्हणजे आदराने ‘तुम्ही’. ताईंना मात्र जपानीत निवड करावीच लागते. स्वतःच्या कंपनीसाठी नम्रतेचा ‘हेइशा’ आहे आणि समोरच्यांच्या कंपनीसाठी आदराचा ‘ओन्शा’. ‘आपल्या चुका’चा ‘ओन्शा’ झाला असता तर पुढचं भाषण करायची गरजच उरली नसती. मी सगळा मजकूर शोधून ‘आपण’ अकरा ठिकाणी काढला आणि ‘आमचा कारखाना’, ‘तुमची कंपनी’ किंवा ‘आपण दोघं मिळून’ असं उघड लिहिलं. ‘जे इंजिनिअर गेल्या वर्षी आले होते त्यांनी’ या धाटणीची वाक्यंही ‘गेल्या वर्षी आलेल्या इंजिनिअरांनी’ अशी फिरवली, कारण ती रचना जपानीत जशीच्या तशी बसते, असं ताई म्हणाल्या.

आता माफी. दोन वर्षांपूर्वी भोसरीहून गेलेल्या एका खेपेतले चार हजार बुश परत आले होते. जपानी कंपनीच्या लाइनवर त्यांच्यात शाफ्ट आत जात नव्हता. अण्णांकडे महिनाभर सगळ्यांनी मशीन तपासली, माल तपासला, ड्रॉइंग तपासलं. शेवटी दोष सापडला तो तपासणीच्या टेबलावरच. बुशच्या आतल्या भोकाचं माप ज्या प्लग गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या दांड्याने घेतात, त्याची ‘गो’ बाजू भोकात गेली तरच बुश पास होतो, आणि तीच बाजू वापरून वापरून झिजली होती. झिजल्याने ती बारीक झाली आणि लहान भोकाचे बुशही तिच्यावर पास होत राहिले. दर तीन महिन्यांनी गेज तपासायचा, तो तपासलाच गेला नव्हता. अण्णांना हे सगळ्या पुरवठादारांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं.

मी या गोष्टीवर ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ टाकलं होतं. ताईंनी त्यावर काट मारली, कारण ते उलगडून सांगायलाच अर्धं मिनिट लागलं असतं. मग त्यांनी विचारलं, ‘दिव्याखाली अंधार म्हणाल का? जपानीत हुबेहूब आहे. तोदाइ मोतो कुराशि. दिवठणीच्या बुडाशी अंधार.’ एवढ्या मोठ्या भाषणात मला मिळालेला हा एकमेव फुकटचा लाभ. तो तुकड्याच्या शेवटी ठेवला. एरवी म्हणी, कोट्या आणि एका अभंगाचा चरण असं सगळं मी काढलं होतं.

माफीचं वाक्य माझ्या मसुद्यात असं होतं: ‘त्या काळात आमच्याकडून काही त्रुटी राहून गेल्या असतील तर क्षमस्व.’ ताई म्हणाल्या, ‘हे मी शब्दशः बोलले तर त्यांना वाटेल, अण्णांना अजून खात्री नाही.’ जपानीत माफीच्या पायऱ्या आहेत, आणि कुठली पायरी हे वक्त्याने ठरवायचं असतं. दुभाषीने आपल्या मनाने वर चढायचं नाही आणि खालीही उतरायचं नाही. अण्णांनी सर्वांत वरची निवडली. वाक्य झालं: ‘चूक आमच्या कारखान्याची होती. मी माफी मागतो.’ हा सात शब्दांचा तुकडा एकटाच, एका पानावर.

मग ताईंनी एक प्रश्न विचारला, जो मला कधीच सुचला नसता. अण्णा वाकणार कधी? मराठी वाक्य संपल्यावर वाकले तर समोरच्या दोनशे माणसांना ते का वाकले हेच कळणार नाही. अण्णा सरळ झाल्यावर ताई माफी मागतील आणि तेव्हा अण्णा श्रोत्यांकडे पाहत उभे असतील, म्हणजे अगदी नको ते चित्र. म्हणून त्या पानावर खाली मी मोठ्या अक्षरात लिहिलं: थांबा. ताई ‘मोशिवाके गोझाइमासेन देशिता’ म्हणतील. ते संपल्यावर वाका. अण्णांनी ते जपानी वाक्य कानाला ओळखीचं व्हावं म्हणून मोबाइलवर ताईंच्या आवाजात घेतलं आणि आठवडाभर गाडीत ऐकलं.

पानांची रचनाही बदलली. अर्ध्या कागदावर एक तुकडा, ठळक मोठी अक्षरं, डोक्यावर क्रमांक. तुकडा कधीच पुढच्या पानावर जाऊ द्यायचा नाही. पिना लावल्या नाहीत. ताईंच्या प्रतीत प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ, म्हणजे आता आपली पाळी हे त्यांना कळेल. पण अण्णांना वाक्यानंतर ‘बरं का’ जोडायची सवय आहे, आणि तालमीत तीनदा दोघं एकाच वेळी बोलले. त्यावर उपाय म्हणून ठरलं की अण्णांनी पान उलटलं की ताईंनी सुरू करायचं. पान उलटेपर्यंत ‘बरं का’ म्हणा, ‘काय समजलं’ म्हणा. यामुळे ताई बोलत असताना अण्णांचा पुढचा तुकडा समोर तयार असे आणि ते खुशाल श्रोत्यांकडे बघू शकत. दुभाषीच्या तोंडाकडे टक लावून बसणारा वक्ता फार केविलवाणा दिसतो.

ताईंनी भाषण आधी मागितलं, पण पूर्ण अनुवाद लिहून घेतला नाही. लिहिलं तर डोळे कागदावर राहतात आणि वक्ता घसरला तरी आपण छापील वाचत जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी फक्त सुरुवातीची आदराची ओळ, आकडे आणि माफी लिहून ठेवली. हे किती शहाणपणाचं होतं ते नंतर कळलं.

मी नागोयाला गेलो नव्हतो. अण्णांच्या मुलाने केलेलं चित्रीकरण मी घड्याळ लावून पाहिलं. आठव्या तुकड्यापर्यंत गाडी वेळेवर. मग अण्णांना पहिल्या रांगेत एक निवृत्त इंजिनिअर दिसले, जे कधीकाळी भोसरीला आले होते, आणि अण्णांनी कागद सोडला. त्या गृहस्थांना पहिल्या दिवशी मिसळ कशी झोंबली आणि तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच कशी मागितली, हे त्यांनी न थांबता मिनिटभर सांगितलं. ताईंची मान वहीत. मग त्यांनी ते सगळं जपानीत सांगितलं, ‘मिसळ’ला ‘खूप तिखट कडधान्याची आमटी’ म्हणून. सभागृह हसलं, ते गृहस्थ उठून उभे राहिले. भाषणातली सर्वांत चांगली दोन मिनिटं, आणि त्यात माझा एक शब्द नाही.

दोन मिनिटं भरून काढायला जागा ठेवली होती. अकरा आणि बारा या पानांचे कोपरे आधीच दुमडले होते. वेळ कमी पडला तर ती दोन गाळायची. अण्णांनी दहावरून सरळ तेरावर उडी मारली, तेरावा तुकडा ‘चार हजार बुश परत आले’ असा नामाने सुरू होत असल्याने ताईंना काही शोधावं लागलं नाही. पण चौदाव्याचं पहिलं वाक्य होतं ‘दुसरा बदल आम्ही तपासणीत केला’. पहिला बदल बाराव्यात होता. ताई क्षणभर थांबल्या, अण्णांकडे झुकून काहीतरी पुटपुटल्या, आणि मग ‘आणखी एक बदल’ असं म्हणून निभावून नेलं. ही चूक सर्वस्वी माझी. गाळता येईल असा तुकडा ठेवायचा असेल, तर पुढच्या कुठल्याही तुकड्यात त्याची सावलीही पडता कामा नये, हे मी तपासलंच नव्हतं.

वाकणं मात्र बिनचूक झालं. चित्रीकरणात दिसतं, अण्णा सात शब्द बोलतात, पान उलटतात, हात मांडीशी. ताई बोलतात. ‘देशिता’ झाल्यावर अण्णा वाकतात, आणि मागच्या रांगेतले दोघं-तिघंही बसल्या जागी मान लववतात. एकूण वेळ सोळा मिनिटं दहा सेकंद.

दसऱ्याला अण्णांनी तेच भाषण कामगारांसमोर वाचायचं ठरवलं, या वेळी दुभाषी नाही. मला वाटलं नुसता कागद दिला की झालं. शेडमध्ये ते वाचायला लागले आणि तिसऱ्याच तुकड्याला कानाला खटकायला लागलं. वडील, वडील, वडील. बुश, बुश, बुश. प्रत्येक वाक्य दार आपटून बंद झाल्यासारखं. त्या रात्री मी ‘ते’ आणि ‘त्यामुळे’ परत घातले, सतराचे सहा परिच्छेद केले, आणि पत्र्याच्या शेडचं ते लांब वाक्य जसं होतं तसं, तीन कामगारांसकट, पुन्हा लावलं.